वाक्याची घडण : लाल केळ्यांची गाडी

गेल्या भागात आपण शब्दांचे वर्ग पाहिले. आता पुढचा प्रश्न घेऊ. वाक्यात शब्द एकापुढे एक येतात, पण ते सगळे एकमेकांना सारख्याच जवळिकीने बांधलेले असतात का? ‘फोपनारच्या शेतकऱ्याने काल बऱ्हाणपूरच्या मंडीत हिरवी केळी विकली’ हे वाक्य पाहा. ‘बऱ्हाणपूरच्या’ हा शब्द ‘काल’ आणि ‘मंडीत’ या दोघांच्या मधोमध आहे, दोघांपासून सारख्याच अंतरावर. तरीही तो ‘मंडीत’चा आहे, ‘काल’चा नाही, हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अशा एकत्र बांधलेल्या शब्दगटाला पदबंध म्हणतात. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात वाक्य आधी मोठ्या घटकांत आणि मग त्या घटकांच्या घटकांत फोडावं, असा विचार मांडला. तेव्हापासून पदबंधाची सीमा नेमकी कुठे आहे हे दाखवण्यासाठी काही चाचण्या रूढ झाल्या. या चाचण्यांवर मराठीच्या बाबतीत एक आक्षेप हमखास घेतला जातो. इंग्रजीत शब्दांच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून तिथे त्या चालतात. मराठीत शब्द कुठेही हलवता येतात, मग इथे सीमा कसली, असा तो आक्षेप आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मराठीत शब्द हलतात म्हणूनच पदबंध दिसतात, आणि जिथे पदबंध फुटल्यासारखा वाटतो तिथेही तो कशामुळे फुटू शकला हे शब्दांची रूपंच सांगतात.

आधी हलवण्याचीच चाचणी घेऊ. वरच्या वाक्यात आठ शब्द आहेत. ते खरोखर कसेही हलवता आले असते तर चाळीस हजारांहून जास्त रचना मिळाल्या असत्या. त्यांतल्या बहुतेक कानाला सहन होत नाहीत. ‘मंडीत फोपनारच्या शेतकऱ्याने काल बऱ्हाणपूरच्या हिरवी केळी विकली’ असं कुणी म्हणणार नाही. पण हेच वाक्य पाच एककांचं धरलं, म्हणजे ‘फोपनारच्या शेतकऱ्याने’, ‘काल’, ‘बऱ्हाणपूरच्या मंडीत’, ‘हिरवी केळी’ आणि ‘विकली’, की त्यांच्या १२० रचना होतात. त्यांतल्या बहुतेक जोर कमीजास्त करून म्हणता येतात: ‘बऱ्हाणपूरच्या मंडीत काल हिरवी केळी विकली फोपनारच्या शेतकऱ्याने.’ आपण ज्याला शब्दांचं स्वातंत्र्य म्हणतो ते खरं तर पदबंधांचं स्वातंत्र्य आहे.

बदली करण्याची चाचणी हीच सीमा दुसऱ्या बाजूने दाखवते. ‘फोपनारच्या शेतकऱ्याने’ याच्या जागी ‘त्याने’ येतं, ‘बऱ्हाणपूरच्या मंडीत’ याच्या जागी ‘तिथे’ येतं, आणि ‘त्याने काल तिथे ती विकली’ हे वाक्य उभं राहतं. ‘फोपनारच्या त्याने’ मात्र म्हणता येत नाही. सर्वनाम एकट्या नामाची जागा घेत नाही, विशेषणासकट सगळ्या गटाची घेते. शाळेत ‘नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम’ असं शिकवतात, ते एवढ्यापुरतं दुरुस्त करायला हवं.

आता अवघड भाग. ‘केळी त्याने काल हिरवीच विकली’ हे अगदी सहज मराठी आहे. ‘त्या शेतकऱ्याची काल सगळी केळी विकली गेली’ हेही सहज आहे. पहिल्यात ‘हिरवी’ ‘केळी’पासून तुटलं, दुसऱ्यात ‘शेतकऱ्याची’ तुटलं. आक्षेप घेणारा विचारेल, मग ‘हिरवी केळी’ हा पदबंध कुठे राहिला? उत्तरासाठी नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेलं वाक्य घ्यावं लागतं. ‘शिक्षिकेने मोठ्या मुलींना पुस्तकं दिली’ यातला गट आता फोडून पाहा. ‘मुलींना शिक्षिकेने मोठ्या पुस्तकं दिली’ हे वाक्य कोसळतं. ‘मुलींना शिक्षिकेने मोठ्यांनाच पुस्तकं दिली’ हे मात्र चालतं. म्हणजे विशेषण एकटं पडताच त्याला स्वतःचा ‘ना’ घ्यावा लागला. ‘मोठ्या’ हे सामान्यरूप आहे. पुढे प्रत्यय लागलेलं नाम येणार, या भरवशावरच ते उभं असतं. तो आधार काढला की त्याला स्वतः प्रत्यय घेऊन नामासारखं वागावं लागतं, आणि मग ते तुटलेलं विशेषण राहत नाही, नाम गाळलेला दुसरा पदबंध होतो. ‘फोपनारच्याने स्वस्त विकली, खकनारच्याने महाग’ यातही हेच घडतं. ‘हिरवी’ आणि ‘शेतकऱ्याची’ सुटू शकली, कारण ‘केळी’ला तिथे प्रत्ययच नव्हता, विशेषणाचं साधं रूप एकट्याने उभं राहू शकतं. तरीही जे सुटलं ते स्वतः पूर्ण होतं, हे लक्षात घ्या: ‘त्या शेतकऱ्याची’ एकत्र सरकलं. ‘त्या’ मागे ठेवून ‘शेतकऱ्याची’ पुढे नेता येत नाही.

हे मराठीपुरतंच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत शब्द मराठीहून कितीतरी मोकळे असतात. १९८३ साली केन हेल यांनी त्या भाषेवर लिहिलेला निबंध या विषयात फार गाजला. नाम आणि विशेषण शेजारी असतील तर तिथे शेवटच्या शब्दाला प्रत्यय लावला तरी पुरतो, पण ते दूर गेले की दोघांनाही लावावा लागतो. इतक्या मोकळ्या भाषेतही जवळ असणं आणि दूर असणं सारखं नाही, आणि फरक प्रत्ययातूनच कळतो.

प्रत्यय पदबंधाचा असतो, शब्दाचा नसतो, हे ‘आणि’ची चाचणी आणखी स्पष्ट करते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितात, त्यामुळे ‘व्यापाऱ्यांना’ मधला ‘ना’ एकट्या व्यापाऱ्यांचा वाटतो. पण ‘शेतकरी आणि व्यापाऱ्यांना नोटीस’ ही बातमी वाचताना शेतकऱ्यांनाही नोटीस गेली हे आपण समजतो. शेवटी आलेला ‘ना’ सबंध जोडीचा आहे. बऱ्हाणपूर भागात मराठी आणि हिंदी दोन्ही कानावर असतात, तिथे हे पडताळणं सोपं आहे: हिंदीत ‘को’ सुटा लिहितात म्हणून तो गटाच्या टोकाशी आहे हे डोळ्यांनाच दिसतं. मराठी लेखनात ते झाकलं जातं, पण चाचणी तेच सांगते.

पण हीच चाचणी सगळ्यांत जास्त फसवते. ‘रमेशने मुलाला पेन आणि मुलीला वही दिली’ यात ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना ‘मुलाला पेन’ आणि ‘मुलीला वही’ आहेत. म्हणून ‘मुलाला पेन’ हा एक पदबंध मानायचा का? बदली करून पाहिलं तर ‘मुलाला पेन’ या दोन शब्दांच्या जागी येईल असा एकही शब्द मराठीत नाही. शिवाय ‘रमेशने मुलाला काल पेन आणि मुलीला आज वही दिली’ असंही म्हणता येतं. एकच देणं कालही आणि आजही होऊ शकत नाही, म्हणजे इथे दोन वाक्यं आहेत आणि पहिल्यातलं क्रियापद गाळलेलं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे असं गाळणं फार सोपं जातं, आणि म्हणूनच मराठीत ‘आणि’ने दिलेला होकार दुसऱ्या चाचणीने तपासल्याशिवाय मान्य करू नये. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, हेही नोंदवायला हवं. मार्क स्टीडमन यांच्या व्याकरणपद्धतीत ‘मुलाला पेन’ यासारख्या गटालाही घटकाचा दर्जा मिळतो. त्या पद्धतीची किंमत मात्र अशी की तिथे एकाच साध्या वाक्याची फोड अनेक तऱ्हांनी होते, आणि ‘सीमा कुठे?’ या प्रश्नाची धार कमी होते.

चाचण्यांचा खरा उपयोग कळतो तो संदिग्ध रचनेत. ‘लाल केळ्यांची गाडी आली’ या वाक्यात लाल काय आहे? लाल सालीची केळी असतात आणि गाडीही लाल असू शकते. ‘हिरवा’ असता तर रूपानेच निकाल लागला असता, कारण ‘हिरव्या केळ्यांची गाडी’ आणि ‘हिरवी केळ्यांची गाडी’ वेगळ्या आहेत. ‘लाल’ बदलत नाही, म्हणून सीमा कानाला ऐकू येत नाही. एका अर्थी ‘लाल केळ्यांची’ हा गट आहे, दुसऱ्या अर्थी ‘केळ्यांची गाडी’ हा गट आहे आणि ‘लाल’ त्याच्या बाहेर आहे. ‘केळ्यांची’ पुढे हलवा: ‘केळ्यांची लाल गाडी आली.’ आता फक्त गाडी लाल. ‘आणि’ घाला: ‘लाल आणि हिरव्या केळ्यांची गाडी’ म्हटलं की केळी लाल, ‘लाल आणि पांढरी केळ्यांची गाडी’ म्हटलं की गाडी लाल, शेजारच्या विशेषणाच्या रूपाने ‘लाल’चं घर ठरवलं. आणि शेवटी मराठीची स्वतःची, जोर देऊन वाक्य फोडण्याची लकब वापरा, ‘हे केलं ते रमेशने’ मध्ये असते ती. ‘गाडी आली ती लाल केळ्यांची.’ मध्ये न थांबता हे म्हटलं तर गाडीचा रंग कोणताही असो, केळी लालच. ‘ती’च्या मागे अर्धा गट राहू शकत नाही, त्यामुळे जे मागे गेलं ते एकत्र गेलं.

या शेवटच्या चाचणीची एक मर्यादा आहे. ‘केळी विकली ती फोपनारच्या शेतकऱ्याने बऱ्हाणपूरच्या मंडीत’ हेही मराठी आहे, आणि इथे ‘ती’च्या मागे एक नाही, दोन पदबंध आहेत. म्हणजे मागे राहिलेला भाग पूर्ण आहे एवढंच ती सांगते. तो एक आहे की दोन, हे ठरवायला पुन्हा बदली करावी लागते: ‘त्याने तिथे’. बदलीला दोन शब्द लागले, म्हणजे दोन पदबंध. नकाराचंही तसंच आहे. ‘मुलींना शिक्षिकेने मोठ्या…’ हे वाक्य कोसळलं म्हणून ‘मुलींना’ आणि ‘मोठ्या’ यांचा संबंध नाही असं ठरत नाही. ते सामान्यरूपामुळे कोसळलं. चाचणीला नकार मिळाला की आधी नकाराचं कारण शोधावं लागतं.

एक प्रश्न मात्र यातूनही पूर्ण सुटत नाही. ‘हिरवी केळी विकली’ हा कर्म आणि क्रियापदाचा मिळून एक पदबंध आहे का? ‘शेतकऱ्याने केळी विकली, व्यापाऱ्यानेही तसंच केलं’ यात ‘तसंच केलं’ त्या दोघांची मिळून जागा घेतं, म्हणजे बदलीचा कौल होकाराचा आहे. पण ‘केळी’ आणि ‘विकली’ यांच्या मध्ये ‘शेतकऱ्याने’ आणून बसवता येतो, आणि तो बसवताना कुठलंही रूप बदलावं लागत नाही. नामाच्या गटाला सामान्यरूपाची गाठ आहे, या गटाला तशी गाठ नाही. पुढच्या भागात याच क्रियापदाच्या गटापासून सुरुवात करू.