स्टॉप लाइनच्या पुढे, की मागे?

फोटोत सिग्नल लाल दिसतोय. पांढरी हॅचबॅक झेब्रा क्रॉसिंगवर आलेली दिसतेय आणि वरच्या कोपऱ्यात 05-08-2025 21:14:07 असं छापलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर हा फोटो ज्याला ज्याला मिळाला, त्याच्या मनात निकाल लागून गेला: गाडीवाल्याने सिग्नल तोडला आणि आडव्या येणाऱ्या दुचाकीला उडवलं.

हा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली मापं कुठल्याही शहरातल्या चौकात सापडतील अशीच आहेत. फोटो खोटाही नाही. त्यात कोणी काही चिकटवलेलं नाही, काही पुसलेलं नाही. तरी तो जे सांगतोय असं वाटतं, तसं झालेलं नाही. बनावट फोटोंची चर्चा आपण पुष्कळ करतो. माझ्या मते त्याहून जास्त घोळ अस्सल फोटो घालतात, कारण त्यांच्यावर शंका घ्यायचं कोणाच्या मनातच येत नाही.

आधी घड्याळ पाहू. कोपऱ्यातले आकडे कॅमेरा किंवा डीव्हीआर स्वतःच्या घड्याळाकडे पाहून चित्रावर छापतो. ते घड्याळ दुकानदाराने केव्हातरी लावलेलं असतं आणि मग त्याच्याकडे कोणी पाहत नाही. अशी घड्याळं दिवसाला एखाद-दोन सेकंद सहज पुढे-मागे जातात. आतला बटणाएवढा सेल संपला, तर वीज गेल्यावर तारीख थेट २००० सालात जाऊन बसते. काही यंत्रं चीनच्या वेळेवर ठेवलेली येतात आणि कोणी बदलली नाहीत, तर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतात. आणि 05-08 म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हेही त्या यंत्राच्या सेटिंगवर ठरतं.

म्हणून फुटेज काढायच्या आधी एक साधी गोष्ट करतात. डीव्हीआरच्या पडद्यावर चालू असलेली वेळ आणि मोबाइलवरची वेळ, दोन्ही एकाच फोटोत घेतात. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे ती तुलनेला चालते. आपल्या प्रसंगात अपघातानंतर नवव्या दिवशी असा फोटो घेतला आणि डीव्हीआर ११ मिनिटं ४० सेकंद पुढे निघाला. पण हा फरक आजचा झाला, अपघाताच्या रात्री किती होता? त्यासाठी त्याच रात्रीच्या फुटेजमध्ये अशी घटना शोधायची, जिची वेळ दुसरीकडे नोंदलेली आहे. दुकानाच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देताना दिसतं. छापील वेळ 20:51:30 आणि दुकानदाराच्या खात्यातली यूपीआयची नोंद 20:40:06. फरक ११ मिनिटं २४ सेकंद. नऊ दिवसांत घड्याळ १६ सेकंद आणखी पुढे सरकलं, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास, आणि हे अशा घड्याळाच्या स्वभावाला धरूनच आहे. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले, म्हणून फोटोतल्या क्षणाची खरी वेळ नऊ वाजून दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंदांच्या आगेमागे धरता येते. मधल्या काळात कोणी घड्याळ हाताने बदललं असतं, तर हा हिशोब बसला नसता. तशी शंका आली तर डीव्हीआरमधली लॉगची यादी उघडायची, बऱ्याच यंत्रांत वेळ बदलल्याची नोंद राहते.

यातून मिनिटांचा प्रश्न सुटतो, सेकंदाच्या आतला सुटत नाही. हे फुटेज सेकंदाला १५ फ्रेमचं आहे, म्हणजे 21:14:07 हा शिक्का ओळीने १५ चित्रांवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तो त्यांतला एक, आणि तो कितवा हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून मूळ फाइल मागायची. ती हाती आली की फ्रेम एकेक करून पुढे न्यायच्या आणि प्रत्येक सेकंदाला किती फ्रेम येतात ते मोजायचं. १५, १५, १५ आणि मध्येच ९ आल्या, तर तिथे यंत्राने फ्रेम गाळल्या आहेत असं समजायचं. अशा तुकड्यावरून वेग काढायला जाऊ नये.

आता चित्राच्या आतलं बघू. जागा वाचवण्यासाठी डीव्हीआर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र साठवायचं आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं, अशी ही पद्धत आहे. आपल्या यंत्रात दर ३० फ्रेमनंतर, म्हणजे दोन सेकंदांनी, नवं पूर्ण चित्र येतं. मधल्या फ्रेममध्ये चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकात फरक पडलाय का ते तपासलं जातं. फरक किरकोळ वाटला, तर मागचाच चौकोन उचलून पुन्हा ठेवला जातो. अंधार, कमी प्रतीचं रेकॉर्डिंग आणि हळू पुढे सरकणारी गाडी असा योग आला, की गाडी दीड-दोन सेकंद जागीच उभी दिसते आणि नवं पूर्ण चित्र आलं की टुणकन पुढे उडी मारते. त्यामुळे ‘गाडी थांबली होती’ असं म्हणायचं असेल, तर एका पूर्ण चित्राची तुलना पुढच्या पूर्ण चित्राशीच करायला हवी. कुठली फ्रेम पूर्ण आणि कुठली उसनवारीची, हे ffprobe नावाचं मोफत साधन फाइल वाचून सांगतं. स्क्रीनशॉट पाहून ते कोणालाच सांगता येणार नाही.

सिग्नलच्या दिव्याचीही तीच गत. चौकापलीकडे ४० मीटरवर असलेला, साधारण ३० सेंटिमीटरचा दिवा या कॅमेऱ्यात जेमतेम सात पिक्सेलचा येतो. त्यातही रंगाची माहिती उजेडापेक्षा विरळ साठवली जाते, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्मी. म्हणजे रंगाचे फार तर तीन-चार ठिपके उरतात आणि शेजारच्या ब्रेकलाइटचा लाल त्यांत मिसळू शकतो. रंगावर विसंबण्यापेक्षा खांबावर वरचा दिवा पेटलाय की खालचा, हे पाहणं जास्त भरवशाचं, कारण लाल नेहमी वर असतो. नंबरप्लेटचा हिशोबही असाच आहे. ९० अंशांची रुंद लेन्स २० मीटरवर ४० मीटर रुंदीचा देखावा १९२० पिक्सेलमध्ये बसवते. अर्ध्या मीटरच्या पाटीच्या वाट्याला २४ पिक्सेल येतात आणि पाटीवर दहा अक्षरं-आकडे. मालिकांमधला इन्स्पेक्टर ‘झूम करा’ म्हणाला की पाटी लखलखीत होते. इथे जे टिपलंच गेलं नाही, ते मोठं करून येणार कुठून?

राहिला मुख्य प्रश्न. गाडी रेषेच्या पुढे होती का?

कॅमेरा दुकानाच्या पाटीवर, जमिनीपासून चार मीटर उंच, आणि गाडीच्या पाठीमागे आहे. तिथून स्टॉप लाइन २० मीटरवर. फोटोत रेषा दिसतच नाही, गाडीखाली गेल्यासारखी वाटते, आणि डोळा म्हणतो की गाडी रेषेवरून पुढे गेली. पण मागून आणि वरून पाहताना उंच वस्तू तिच्यापलीकडचा रस्ता झाकते. १६ मीटरवर दीड मीटर उंचीचं छत असेल, तर चार मीटरवरून जाणारी नजर त्या छताला घासून पुढे जवळजवळ साडेपंचवीस मीटरवर रस्त्याला टेकते. म्हणजे गाडीमागचा नऊ-साडेनऊ मीटर रस्ता झाकला गेला, त्यात स्टॉप लाइनही गेली आणि झेब्राचे पट्टेही.

जमिनीवरची जागा ठरवायची तर जमिनीला टेकलेला बिंदूच धरावा लागतो, आणि इथे मागच्या टायरचा तळ दिसतो. त्याची जागा मोजायला पडद्यावर पट्टी लावून उपयोग नाही. रुंद लेन्समध्ये कडेच्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. खात्री करायची असेल तर फोटोच्या कडेला दिसणाऱ्या विजेच्या खांबाला पट्टी लावून पाहा, खांब वाकलेला दिसेल. त्यामुळे चित्रातला एक सेंटिमीटर मध्यभागी जेवढा रस्ता दाखवतो, तेवढाच कडेला दाखवत नाही. सोपा मार्ग असा की प्रत्यक्ष जागेवर जायचं, तोच कॅमेरा चालू ठेवायचा आणि एकाने रस्त्यावर खडूची खूण मागेपुढे करत राहायचं, फोटोतल्या टायरच्या तळाशी ती पडद्यावर जुळेपर्यंत. मग टेपने अंतर मोजायचं. लेन्सचा वाकडेपणा दोन्ही वेळी सारखाच असल्याने तो आपोआप वजा होतो. अट एवढीच की मधल्या काळात कॅमेरा हललेला नसावा. खांब आणि भिंतींच्या कडा जुन्या फोटोशी ताडून ते कळतं.

खूण १६ मीटरवर जुळली. मागच्या चाकापासून पुढचं चाक साधारण अडीच मीटर आणि त्यापुढे बंपर पाऊण मीटर, म्हणजे गाडीचं नाक सव्वाएकोणीस मीटरवर. रेषेच्या पाऊण मीटर मागे. चित्राच्या धूसरपणामुळे टायरच्या तळाची जागा अर्धा मीटर इकडे-तिकडे धरली, तरी गाडी रेषेच्या मागेच राहते. टायरखाली गडद सावली असती आणि चूक एक मीटरची धरावी लागली असती, तर ‘सांगता येत नाही’ एवढंच लिहावं लागलं असतं.

त्या क्षणी गाडी मागे होती, पण पुढच्या दोन सेकंदांत निघाली का, हे हा फोटो सांगत नाही. त्यासाठी गाडीतला डॅशकॅम. त्याचं घड्याळ वेगळं, म्हणून दोन्ही रेकॉर्डिंग धडकेच्या फ्रेमवर एकमेकांशी जुळवायची. डॅशकॅममध्ये एका फ्रेमला सिग्नलचे तिन्ही दिवे विझलेले दिसले, तर घाबरू नये. एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचा ताल त्याच्याशी जुळला, की विझलेला क्षणच फ्रेममागून फ्रेम टिपला जातो. पुढच्या-मागच्या फ्रेम पाहाव्या लागतात. खाली छापलेला जीपीएसचा वेगही जपून वाचायचा. तो बहुतेक सेकंदाला एकदा बदलतो आणि थोडा मागे राहतो, त्यामुळे जोरात ब्रेक लागला तेव्हा पडद्यावर आधीचाच जास्त वेग दिसत राहतो.

एवढं करूनही न्यायालयात फुटेजबरोबर प्रमाणपत्र लागतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत आला की नंतर, यावर वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की, मूळ यंत्रच हजर केलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, म्हणजे फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी बदलणारा आकडा. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना चित्र पुन्हा दाबतं, त्यामुळे तिथून आलेल्या फोटोचा हॅश मूळ चित्राशी जुळणं शक्य नाही.

डीव्हीआरची डिस्क भरली की तो सर्वांत जुनं फुटेज पुसून त्यावर नवं लिहितो. छोट्या दुकानांमध्ये ही वेळ अनेकदा १५ ते ३० दिवसांतच येते. तेवढ्या मुदतीत मूळ फाइल त्याच यंत्राच्या स्वरूपात, तिच्या प्लेअरसह आणि घटनेच्या आधीच्या-नंतरच्या काही मिनिटांसकट काढून घ्यायची. नाहीतर गाडीवाल्याच्या हाती उरतो तोच व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो.