चॅटच्या चौकटीत कोड कुठे गडप होतो?

समजा, सी भाषा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रोग्रॅम अडला आहे. क्लासच्या वेबसाइटवर उजव्या कोपऱ्यात शंका विचारण्यासाठी चॅटची छोटी चौकट आहे. ती आपल्या दोन ओळी तिथे चिकटवते आणि पाठवते:

```
for (i=0; i<n; i++) sum += a[i];
if (sum>100) printf("बस");
```

पलीकडे सरांच्या स्क्रीनवर उमटतं ते असं:

```
for (i=0; i100) printf("बस");
```

“अगं, हे `i100` काय आहे? आणि बेरीज कुठे केलीस?” सर विचारतात. “सर, मी असं लिहिलेलंच नाही,” ती म्हणते. दोघंही खरं बोलत असतात. कोडचा मधला तुकडा खाल्ला तो चॅटच्या चौकटीने, आणि एकही सूचना न देता. उरलेला मजकूर अगदी नवशिक्याच्या चुकीसारखा दिसतो, म्हणून संशय थेट लिहिणाऱ्यावर जातो.

याचं मूळ एका चिन्हाच्या दुहेरी कामात आहे. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ ही चिन्हं छापील रूपात आली ती थॉमस हॅरियट या इंग्लिश गणितज्ञाच्या पुस्तकात, त्याच्या मृत्यूनंतर 1631 साली. पुढे ती गणितातून संगणकाच्या भाषांमध्ये आली. दरम्यान, दस्तऐवजाचा कुठला भाग शीर्षक आणि कुठला परिच्छेद हे खुणांनी सांगायची एसजीएमएल नावाची पद्धत 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात खुणेभोवतीचं कुंपण म्हणून हेच कोनी कंस सर्रास वापरले जात. टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल घडवली तेव्हा खुणांची ही रीत तिथूनच उचलली. त्या खुणांना टॅग म्हणतात. टॅग वाचकाला दाखवायचा नसतो, तो ब्राउझरने वाचून पाळायचा असतो. म्हणून चॅटची चौकट आलेला संदेश एचटीएमएल म्हणून ब्राउझरच्या हवाली करते, तेव्हा कोनी कंसातलं सगळं ‘आज्ञा’ ठरतं आणि दिसेनासं होतं.

पण प्रत्येक `<` गडप होत नाही, आणि गोंधळ वाढतो तो इथेच. ब्राउझरचा नियम ठरलेला आहे: `<` दिसलं की तो लगेच पुढचं अक्षर पाहतो. ते `a` ते `z` यांपैकी लहान किंवा मोठं रोमन अक्षर असेल, तर टॅग सुरू झाला असं तो धरतो. पुढे अंक किंवा मोकळी जागा असेल, तर `<` साधं चिन्ह म्हणून छापतो. तिरकी रेघ, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांना मात्र वेगळे अर्थ आहेत. म्हणून `x<5` शाबूत राहतं, `x < y` शाबूत राहतं, पण `x<y` फसतं. एकदा टॅग सुरू झाला की पहिलं `>` भेटेपर्यंतचं सगळं त्याच्या पोटात जातं. विद्यार्थिनीच्या कोडमध्ये `<n` पाशी ‘टॅग’ सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीतल्या `sum>100` मधल्या `>` पाशी संपला. मधली बेरीज, ओळ तोडणारी जागा, `if`, सगळं ब्राउझरने त्या टॅगचे गुणधर्म समजून आत घेतलं. पुढे `>` कुठेच नसतं, तर उरलेला सगळा संदेश गेला असता.

देवनागरीला इथे एक अनपेक्षित सूट मिळते. `<नाव>` असं लिहिलं तर `न` हे रोमन अक्षर नसल्यामुळे ब्राउझर त्याला टॅग मानत नाही आणि ते जसंच्या तसं दिसतं. `<name>` मात्र नाहीसं होतं. `ssh <user>@<server>` अशी सूचना चॅटमधून पाठवली, तर समोरच्याला नुसतं `ssh @` दिसतं. जावामधलं `List<String>` फक्त `List` होऊन पोचतं, आणि `#include <stdio.h>` मधलं फाइलचं नावच गळतं.

काही अक्षरं तर खरोखरच टॅग असतात. `b` म्हणजे ठळक, `i` म्हणजे तिरपं, `s` म्हणजे खोडलेलं. ‘जर a<b आणि c>d असेल’ असं कोणी लिहिलं, तर समोर ‘जर ad असेल’ उमटतं, आणि `d` पासून पुढचं सगळं ठळक अक्षरात. संदेशात अचानक ठळक किंवा खोडलेला मजकूर दिसला, तर तिथे एखादी तुलना हरवली असल्याची ती बऱ्यापैकी पक्की खूण समजावी.

हा झाला ब्राउझरचा स्वभाव. अनेक चौकटी मात्र संदेश ब्राउझरकडे जाण्याआधीच त्यातले टॅग मुद्दाम कापून टाकतात, आणि त्यामागे सबळ कारण आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरच्या आपल्या पानात एक छोटा कोड दडवला. पान पाहणाऱ्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि तोच कोड पाहणाऱ्याच्याही पानावर चिकटे. साधारण वीस तासांत दहा लाखांहून जास्त खात्यांपर्यंत तो पोचला. मायस्पेस धोकादायक शब्द गाळत होतं, पण सॅमीने `javascript` हा शब्द मधोमध ओळ तोडून लिहिला आणि गाळणी चुकवली. अनोळखी माणसाने टाइप केलेला मजकूर एचटीएमएल म्हणून चालू देणं किती महागात पडतं, हे त्या प्रकरणाने दाखवलं.

कापण्याची ही कात्री बहुधा ब्राउझरपेक्षा आडमुठी असते. पीएचपी भाषेतलं `strip_tags` हे तयार साधन घ्या. `<` च्या लगेच पुढे मोकळी जागा असेल तर ते चिन्ह सोडतं. अंक असला तरी सोडत नाही. त्यामुळे ‘साखर <100 असेल तर गोळी नको’ या संदेशातून ‘साखर’ एवढाच शब्द उरतो. ब्राउझरमध्ये हाच संदेश पूर्ण दिसला असता. काही ठिकाणी तर ‘`<` पासून `>` पर्यंत जे असेल ते काढा’ एवढाच नियम लावलेला असतो. तिथे मोकळी जागाही वाचवत नाही आणि `<नाव>` सुद्धा टिकत नाही.

मग लिहिणाऱ्याने काय करावं? आधी आपली चौकट कुठल्या जातीची आहे हे पाहावं. त्यासाठी एक ओळ पुरते:

```
x <b> y &lt; z
```

ती जशीच्या तशी दिसली, तर चौकट मजकुराला मजकूर मानते, बिनधास्त लिहावं. `<b>` नाहीसं होऊन `y` ठळक झालं, तर चौकट टॅग पाळते आहे. `<b>` नाहीसं झालं पण ठळक काही झालं नाही, तर कात्री चालली आहे. `&lt;` च्या जागी `<` दिसलं, तर हा संकेत चौकटीला कळतो आणि तो वापरता येईल. मात्र निकाल पलीकडच्या माणसाला विचारूनच ठरवावा. पाठवणाऱ्याला स्वतःच्या खिडकीत संदेश नीट दिसतो आणि उत्तर देणाऱ्याच्या खिडकीत तो मोडलेला असतो, असंही घडू शकतं, कारण दोन्ही खिडक्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमने रंगवलेल्या असू शकतात.

साध्या तुलनेसाठी सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे शब्द. ‘साखर 100 पेक्षा कमी असेल तर’ हे कुठल्याही कात्रीतून सुखरूप जातं, आणि औषधाच्या किंवा पैशांच्या बाबतीत शब्दांखेरीज दुसरं काही वापरूच नये. सूत्रच लिहायचं असेल तर तुलना उलटी करावी: `i<n` ऐवजी `n > i`. टॅग उघडतो तो `<`. ते संदेशात कुठेच नसेल तर एकट्या `>` ला कोणी हात लावत नाही. फक्त ओळीची सुरुवात `>` ने करू नये, कारण मार्कडाउन समजणाऱ्या चौकटी त्या ओळीला अवतरण मानतात. `≤` आणि `≥` ही चिन्हं टॅग ठरत नाहीत, म्हणून वाचण्यापुरत्या गणितात ती चालतात. कोडमध्ये मात्र ती, किंवा `‹` सारखी दिसायला जवळची चिन्हं, घालू नयेत. चिकटवलेला कोड चालणार नाही आणि कारण डोळ्यांना सापडणार नाही. `<user>` सारख्या रिकाम्या जागेसाठी मोठ्या अक्षरांत `USER` लिहिलं की काम भागतं.

कोडचं थोडं वेगळं आहे. चौकट मार्कडाउन समजत असेल तर कोडच्या आधी आणि नंतर स्वतंत्र ओळीवर तीन उलटी अवतरणचिन्हं द्यावीत. आतला मजकूर अक्षरशः तसाच दाखवला जातो. तिथे `&lt;` लिहू नये, कारण तेही अक्षरशः `&lt;` असंच दिसेल. मार्कडाउन नसेल आणि कोड दोन-तीन ओळींचा असेल, तर `<` च्या दोन्ही बाजूंना जागा सोडून पाहावं. त्याहून मोठा कोड `.txt` फाइल म्हणून जोडावा. स्क्रीनशॉट सोबत द्यावा, पण एकटा नको. त्यातून कोड उचलून चालवून बघता येत नाही.

या सगळ्या कसरती लिहिणाऱ्याने कराव्यात हे खरं तर न्याय्य नाही. दुरुस्ती चौकट बनवणाऱ्याच्या हातात आहे आणि ती अवघी एका ओळीची आहे:

```
bubble.innerHTML = message;    // धोक्याचं
bubble.textContent = message;  // सुरक्षित
```

दुसऱ्या ओळीत ब्राउझर संदेशाकडे निव्वळ अक्षरं म्हणून पाहतो. `<` दिसतं, टॅग बनत नाही, सॅमीसारखा कोडही चालत नाही. म्हणजे सुरक्षेसाठी मजकूर कापण्याची गरजच उरत नाही. ओळी आणि सुरुवातीच्या मोकळ्या जागा टिकवायला जोडीला `white-space: pre-wrap` द्यावं लागतं, नाहीतर पायथनचा कोड एका ओळीत गोळा होतो. सर्व्हरवरच एचटीएमएल तयार होत असेल, तर `&` चं `&amp;` आणि `<` चं `&lt;` करावं, पण `&` आधी, आणि तेही दाखवताना एकदाच. क्रम उलटला किंवा काम दोनदा झालं, की वापरणाऱ्याला `5 &lt; 7` असला मजकूर दिसू लागतो. साठवताना मूळ संदेश आहे तसाच ठेवावा. एकदा कापून साठवलेलं परत मिळत नाही. फक्त दाखवताना लपलेलं मात्र ‘इन्स्पेक्ट’ करून पानाच्या आतल्या रचनेत सापडतं, तिथे `List<String>` मधला हरवलेला शब्द `<string>` असा लहान अक्षरांत पडलेला दिसतो.

आणि उत्तर देणाऱ्या बाजूला जे बसतात, त्या शिक्षकांनी आणि मदतनीसांनी एवढं करावं: अर्धवट तुलना, `i100` सारखा जोडशब्द किंवा नाव नसलेलं `#include` दिसलं, तर चूक काढण्याआधी मूळ मजकूर फाइल म्हणून मागवून घ्यावा.