‘२६ टी’ कशाचे माप?

ऑनलाइन सायकल बघताना ठळक अक्षरांत ‘२६ टी’, ‘२९ टी’ असं दिसतं. हे माप चाकाचं. सायकल अंगाला बसेल की नाही हे ठरतं फ्रेमवर, म्हणजे पायडलच्या धुरीपासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. ती खाली तपशिलात लिहिलेली असते, किंवा नसतेच. नसेल तर ती सायकल घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माप घरीच काढता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, मांड्यांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा, ५ फूट ४ इंच उंचीच्या बाईंचं हे माप ७५ सेंटीमीटर आलं. माउंटन सायकलसाठी त्याला ०.२२५ ने गुणायचं, की इंचांत फ्रेम मिळते: जवळपास १७. त्यांनी १९ इंची फ्रेम घेतली, तर सिग्नलला पाय टेकताना आडवा दांडा टोचेल आणि हँडल लांब पडून खांदे दुखतील. सीट खाली घेऊन हे सुटत नाही.

खोक्यातली ‘८५ टक्के जोडलेली’ सायकल म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडल तुम्ही बसवायची. यात घात होतो डाव्या पायडलचा. त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. पायडलवर L आणि R कोरलेलं असतं, ते बघा आणि सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. अडत असेल तर पान्याने रेटू नका. क्रँकचे आटे गेले की क्रँकच बदलावी लागते.

वाहतुकीत सगळ्यात आधी वाकतो तो मागचा गिअर धरणारा हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच मऊ धातूचा करतात. खोक्यावर उजव्या बाजूने दाब आला, की तो आत वळतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. सायकलच्या मागे उकिडवं बसून बघा: गिअरची दोन छोटी चाकं वरच्या दातेरी चकतीच्या सरळ रेषेत हवीत. खालचं चाक आऱ्यांकडे कललं असेल, तर सायकल चालवू नका. सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी चढवताना गिअर आऱ्यांत अडकू शकतो.

मागणी नोंदवण्याआधी तुमच्या पिनकोडवर कंपनीचा मेकॅनिक येतो का, हे विचारून घ्या. तालुक्याच्या गावी बहुधा जवळच्या सायकलवाल्याकडूनच जोडून घ्यावी लागते. तसं केल्यावर वॉरंटी राहते का, हेही लेखी घ्या. मेकॅनिक येणार असेल, तर त्याची तारीख परतीच्या मुदतीच्या आत पडते का ते पाहा. खोकं फाटलेलं असेल, तर सही करण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. खोकं उघडण्यापासून हँगर दिसेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, आणि मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका.