सरकारने दिलेला शब्द फिरवला तर? ‘प्रॉमिसरी इस्टॉपेल’ म्हणजे काय

ऑक्टोबर १९६८. उत्तर प्रदेशात नव्या उद्योगांना तीन वर्षे विक्रीकर माफ होणार, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने दुसऱ्याच दिवशी उद्योग संचालकांना पत्र लिहिले : या सवलतीच्या भरवशावर आम्ही वनस्पती तुपाचा कारखाना काढत आहोत. संचालकांनी होकार कळवला. पुढे जानेवारी १९६९ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांनीही लेखी आश्वासन दिले. कंपनीने कर्ज उचलले, यंत्रे घेतली, काम सुरू केले.

मग सरकारचे मन बदलले. जानेवारी १९७० मध्ये कळवण्यात आले की, पूर्ण माफी नाही. कर सवलतीच्या दराने भरावा लागेल. कंपनीने तेही मान्य केले. २ जुलैला उत्पादन सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये ती सवलतही रद्द झाल्याचे कळले, पुन्हा वर्तमानपत्रातूनच!

आता कंपनीने मागायचे कशाच्या आधारावर? करार म्हणावा, तर सरकारला या आश्वासनाचा मोबदला मिळालेला नव्हता आणि मोबदल्याशिवाय करार सहसा टिकत नाही. ‘प्रॉमिसरी इस्टॉपेल’ हे तत्त्व अशाच ठिकाणी उपयोगी पडते. एकाने स्पष्ट वचन दिले, दुसरा त्यावर विसंबून वागेल हे त्याला माहीत होते आणि दुसरा खरोखरच तसा वागला, तर पहिल्याला शब्द फिरवू देणे अन्यायाचे ठरते. हे तत्त्व कराराच्या कायद्यातून नव्हे, तर न्यायबुद्धीतून आले आहे.

कंपनी अलाहाबाद उच्च न्यायालयात हरली. कमी सवलत स्वीकारली म्हणजे पूर्ण माफीचा हक्क सोडला, असे तिथे ठरले. १२ डिसेंबर १९७८ रोजी न्या. भगवती आणि न्या. तुळजापूरकर यांनी हा निकाल फिरवला. हक्क सोडायचा तर तो आपल्याला आहे हे आधी माहीत असायला हवे. तसे कंपनीला माहीत होते, याचा पुरावा नव्हता. प्रत्येकाला कायदा माहीत असतो, असे गृहीत धरता येत नाही, असेही न्यायालयाने बजावले. उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षांची करमाफी कंपनीला मिळाली.

कंपनीचे नुकसान झाले का, हा प्रश्न न्यायालयाने निर्णायक मानला नाही. वचनावर विसंबून तिने पाऊल उचलले, एवढे पुरेसे होते.

मात्र हे तत्त्व सगळीकडे चालत नाही. कायदेमंडळाला ते बांधत नाही. कायद्याने मनाई असलेली गोष्ट अधिकाऱ्याने कबूल केली, तरी ती करून घेता येत नाही. व्यापक जनहितासाठी सरकार माघार घेऊ शकते; पण ‘धोरण बदलले’ एवढे सांगून भागत नाही. परिस्थिती नेमकी काय बदलली, हे सरकारलाच न्यायालयापुढे मांडावे लागते.