मुलाचा घोळणा फुटला तर

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सातपुड्यात त्या आठवड्यात थंडी फार होती. रात्री आठच्या सुमारास एक बाप आपल्या तीन वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावत आला. मागून आजी. त्यांचा पाडा अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. मुलाचे केस ओलेचिंब, अंगात कापरे भरलेले, सदरा छातीपर्यंत रक्ताने माखलेला आणि मान मागे टाकलेली. वाटेत त्याला काळपट रक्ताची उलटी झाली होती. आजी एकच वाक्य म्हणत होती, "सिस्टर, याच्या पोटातून रक्त येते आहे."

पोटातून काही येत नव्हते. नाकाचा घोळणा फुटला होता, एवढेच. घरच्यांनी त्याला उताणे झोपवले, डोक्यावर गार पाणी ओतले, कांदा हुंगवला आणि मग मान मागे धरून इथवर आणले. नाकातले रक्त बाहेर पडायचे ते घशातून पोटात गेले. रक्त पोटाला सोसत नाही, म्हणून उलटी झाली. पोटातल्या आम्लामुळे रक्त काळे पडते, त्यामुळे उलटी पाहून माणूस अधिकच घाबरतो. दुसऱ्या दिवशी शौचालाही काळी होऊ शकते.

मी त्याला मांडीवर घेतले, नाक चिमटीत धरले आणि दहा मिनिटे सोडले नाही. रक्त थांबले. आजी माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाली, "सुई नाही? गोळी नाही?" सुई-गोळीची गरज नव्हती. ते दाबणे हाच उपचार होता, आणि तो त्यांच्या घरी, चुलीजवळ बसूनही झाला असता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लहान मुले, नातवंडे आहेत. घोळणा शहरातही फुटतो. म्हणून ते दाबणे नीट सांगते.

नाकाच्या दोन पुड्यांमध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या भागात, म्हणजे मुलाचे बोट सहज पोचेल अशा जागी, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यावरची त्वचा अगदी पातळ असते. लहान मुलांचा घोळणा बहुतेक वेळा इथेच फुटतो. ही जागा नाकाच्या मऊ भागाच्या आत येते, म्हणून ती बाहेरून दोन बोटांनी दाबता येते. नाकावरून बोट खाली फिरवून पाहा. वर हाड लागते, ते संपले की नाक मऊ होते. दाबायचे ते या मऊ भागाला, दोन्ही बाजूंनी, अंगठा आणि तर्जनीत धरून. पुष्कळ लोक वर, डोळ्यांजवळ हाडावर दाबतात. हाड दबत नाही आणि रक्तही थांबत नाही.

लहान मूल "नाक धर आणि गप्प बस" म्हटल्याने ऐकत नाही, तेव्हा त्याला आपल्या मांडीवर बसवावे. त्याची पाठ आपल्या छातीला, तोंड समोर. एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून वेढून घ्यावा, नाहीतर ते आपली बोटे ओढून काढते. दुसऱ्या हाताने नाक धरावे आणि त्याला किंचित पुढे वाकवावे, खाली वाटी किंवा फडके ठेवावे. श्वास तोंडाने घ्यायला सांगावे. तोंडात रक्त आले तर ते गिळू नये, थुंकावे. नाक पुरेसे दाबले गेले की मुलाचा आवाज बोबडा, नाकात बोलल्यासारखा होतो. नाकातून थेंब पडायचे थांबले, पण मूल सारखे आवंढे गिळते आहे, असे दिसले तर रक्त मागच्या मागे घशात जाते आहे. अशा वेळी बोटे जरा खाली-वर सरकवून पुन्हा नीट धरावे आणि मान अजून पुढे आणावी.

आता वेळेचे. दहा मिनिटे म्हणजे घड्याळातली दहा मिनिटे. रडणारे मूल मांडीवर असताना दोन मिनिटे दहासारखी वाटतात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, घरी असाल तर मोबाइलवर वेळ लावून ठेवावी. मधे एकदाही बोटे सोडून "थांबले का?" म्हणून पाहायचे नाही. दाबल्यामुळे रक्ताचा वेग मंदावतो आणि फुटलेल्या जागी गुठळी बसू लागते. ती कच्ची असताना बोट काढले की ती सुटते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. घरी "दाबून पाहिले, पण थांबत नाही" असे जे सांगतात, त्यांना मी विचारते, मधे किती वेळा पाहिले? उत्तर साधारण तेच असते. त्या रात्री मी मुलाला दवाखान्यातली मांजर दाखवून, मग त्याच्या शेळ्यांची नावे विचारून वेळ काढला. त्याने तीन शेळ्यांची नावे नाकात बोलत सांगितली.

दहा मिनिटांनी हळूच सोडावे. पुन्हा आले तर आणखी दहा मिनिटे तसेच. दुसऱ्या खेपेनंतरही थांबले नाही तर दवाखाना गाठावा, आणि वाटेतही नाक दाबून ठेवावे. पाड्यावरून गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिली दहा मिनिटे संपून रक्त चालूच असेल तर तेव्हाच कोणाला तरी गाडीसाठी पाठवावे किंवा १०८ ला फोन करावा.

नाकात कापसाचा बोळा खुपसू नये. बाहेर काढताना तो गुठळी घेऊन येतो आणि रक्त पुन्हा वाहते. डोक्यावर गार पाणी ओतून रक्त थांबत नाही, जानेवारीच्या रात्री मूल गारठते मात्र. कांद्याबद्दल लोकांशी मी वाद घालत नाही. हुंगवा, पण नाक दाबून झाल्यावर, असे म्हणते. तेव्हा हुंगवायची गरजच उरत नाही.

रक्त किती गेले याचा अंदाज घाबरलेल्या माणसाला येत नाही. तीन वर्षांच्या, बारा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे एक लिटर रक्त असते. दोन चमचे रक्त सदऱ्यावर पसरले की सगळा सदरा लाल दिसतो. मात्र मूल पांढरे पडले, हात-पाय गार आणि घामेजले, किंवा ते मलूल होऊन झोपाळल्यासारखे करू लागले, तर दहा-वीस मिनिटांचा हिशेब न करता निघावे.

थांबल्यावर तो दिवस आणि दुसरा दिवस नाक शिंकरू देऊ नये, खपली ओढू नये, दंगामस्ती टाळावी. झोपताना डोके थोडे उंच ठेवावे.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी त्या मुलाचे नाक पाहिले. डाव्या पुडीत, पडद्यावर, पुढेच खपली होती. उजव्या हाताच्या नखात सुकलेले मेकूड. आजीने सांगितले, दिवाळीनंतर असे तीनदा झाले. कारण शोधायला लांब जायची गरज पडली नाही. हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि घरात रात्रभर शेकोटी नाहीतर चूल धुमसते. त्या कोरड्या, धुरकट हवेत नाकाची आतली ओल सुकते, शेंबडाची पापडी धरते. पापडी खाजते, मूल बोट घालते, पातळ त्वचा नखाने निघते. रक्त येते. मग तिथे खपली, ती आणखी खाजते, पुन्हा बोट. सर्दी झाली असली तर नाकाचा आतला भाग आधीच सुजलेला असतो, मग निमित्तच लागते. हे चक्र मोडले नाही तर दर आठवड्याला तीच जागा फुटत राहते.

मुलाला "बोट घालू नकोस" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्या वयाची बोटे झोपेतही नाकात जातात. खाज घालवावी लागते. नखे कापली. दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्याआधी, पेट्रोलियम जेली लावायला सांगितली, जिला सगळे व्हॅसलिन म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढी बोटाच्या पेरावर घ्यावी, नाकपुडीच्या तोंडाशीच, मधल्या पडद्याच्या बाजूला टेकवावी आणि मग बाहेरून नाक हलके चिमटावे. ती आपोआप पसरते. बोट किंवा काडी आत घालायची नाही. पापडी फार घट्ट असेल तर आधी औषधाच्या दुकानात मिळणारे साधे सलाइनचे एक-दोन थेंब घालून ती भिजू द्यावी. मुलाचे अंथरूण चुलीपासून लांब, धूर जाईल अशा बाजूला केले. रात्री खोलीत ओले फडके वाळत घातले तर हवा जरा दमट राहते. वाफेसाठी उकळत्या पाण्याचे भांडे मात्र ठेवू नये, चालत्या मुलाच्या घरात ते नाकापेक्षा मोठे संकट आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. कोरड्या नाकात तेलाच्या धारा सोडायची जुनी सवय आहे, खेड्यात आणि शहरातही. बाळाच्या नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते आणि त्याने एक चिवट प्रकारचा न्यूमोनिया होतो. म्हणून तेल नाही, आणि व्हॅसलिनही फक्त दाण्याएवढे.

घोळणा बहुधा असा साधाच असतो, पण काही वेळा नसतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकातून रक्त येणे सहसा घडत नाही, ते एकदा आले तरी डॉक्टरांना दाखवावे. अंगावर कारण नसताना निळे डाग, लाल टिपके, हिरड्यांतून रक्त, किंवा घरात कोणाचे रक्त लवकर न थांबण्याचा इतिहास असेल तर रक्ताची तपासणी हवी. तापात घोळणा फुटला तर डेंगी, मलेरिया पाहून घ्यावा लागतो. डोक्याला मार लागून रक्त आले तर थेट रुग्णालय.

आणि एकाच पुडीतून घाण वासाचा, रक्ताळलेला शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे असे धरून चालावे. मणी, चिंचोका, हरभरा, फोमचा तुकडा, काहीही असते. घरी चिमट्याने काढू नये, ते आणखी आत जाते. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा सेल नाकात गेल्याची नुसती शंका आली तरी त्याच तासाला निघावे. तो काही तासांत पडदा जाळून भोक पाडतो.

त्या मुलाला यातले काही नव्हते. तीन आठवडे व्हॅसलिन लावले. मधे एकदा थोडे रक्त आले, ते आजीनेच दाबून थांबवले. दहा मिनिटे मोजायला तिच्याकडे घड्याळ नव्हते. तिने भाकरीच्या हिशेबाने धरले, आणि रक्त थांबले तरी आणखी थोडा वेळ सोडले नाही, असे तिने मला सांगितले. परत तसे झाले आणि व्हॅसलिन लावूनही महिनाभर थांबले नाही, तर त्याला धुळ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायचे असे ठरवले आहे. ते फुटणारी वाहिनी औषध लावून बंद करू शकतात. अजून तरी पाठवावे लागलेले नाही.