ग्लुकोमीटर घेताना आधी स्ट्रिप पाहावी

ग्लुकोमीटरमध्ये साखर मोजण्याचे खरे काम स्ट्रिप करते. तिच्या टोकाशी एन्झाइमचा पातळ थर असतो. रक्ताचा थेंब लागला की त्यातल्या ग्लुकोजची या एन्झाइमशी अभिक्रिया होते, अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि मीटर तो मोजून आकडा दाखवतो. एका मीटरला दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप चालत नाही. बऱ्याचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही चालत नाही. मीटरची खरेदी एकदाच होते, स्ट्रिपची मात्र वर्षानुवर्षे. म्हणून तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने आधी स्ट्रिप निवडावी आणि मग तिचा मीटर घ्यावा.

खर्चाचा हिशेब डबीवरच्या किमतीवरून केला तर फसगत होते. समजा, गोळ्यांवर असलेल्या एका रुग्णाला डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा साखर तपासायला सांगितले आहे. दुकानात 50 स्ट्रिपची डबी 900 रुपयांना आणि 25 ची 500 रुपयांना आहे. पहिलीत स्ट्रिप 18 रुपयांना पडते, दुसरीत 20 रुपयांना. साहजिकच मोठी डबी स्वस्त वाटते. पण झाकण उघडल्यापासून तीन महिन्यांत स्ट्रिप संपवाव्यात, अशी सूचना अनेक डब्यांवर असते. तीन महिन्यांत, म्हणजे 13 आठवड्यांत, या रुग्णाच्या 39 स्ट्रिप लागतात. उरलेल्या 11 वाया जातात आणि वापरलेली प्रत्येक स्ट्रिप 23 रुपयांना पडते. त्याच्यासाठी छोटी डबीच स्वस्त. इन्सुलिन घेणाऱ्याचे गणित उलटे असते. रोज दोन तपासण्या म्हणजे वर्षाला 730 स्ट्रिप; तिथे एका स्ट्रिपमागे पाच रुपयांचा फरकसुद्धा वर्षाला 3,650 रुपयांचा होतो. मीटर फुकट मिळाला म्हणून महागडी स्ट्रिप गळ्यात पडली, तर ते फुकट या रकमेपुढे काहीच नाही.

अचूकतेसाठी खोक्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकात ISO 15197:2013 हा उल्लेख शोधावा. या मानकानुसार शंभरातले किमान 95 आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या ठरावीक जवळ असावे लागतात: साखर 100 च्या खाली असेल तर 15 अंकांच्या आत, 100 किंवा त्याहून जास्त असेल तर 15 टक्क्यांच्या आत. लॅबमध्ये 140 आली आणि मीटरने 119 ते 161 मधला कोणताही आकडा दाखवला, तर मीटर बिघडलेला नाही. हे माहीत नसल्याने अनेक जण चांगला मीटर टाकून देतात.

पडताळणी गावातही करता येते. लॅबमध्ये उपाशीपोटी शिरेतून रक्त दिल्यावर पाच मिनिटांच्या आत आपल्या मीटरवर बोटाचे रक्त तपासावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. जेवणानंतर ही तुलना करू नये, कारण तेव्हा बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते. हात साबणाने धुऊन पुरते कोरडे करावेत. बोटाला लागलेला केळ्याचा किंवा आंब्याचा अंशही आकडा भलताच वाढवतो. रक्तात लाल पेशी कमी असतील तर मीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. त्यामुळे ॲनिमिया असलेल्या व्यक्तीने ही तुलना जरूर करून घ्यावी आणि फरक डॉक्टरांना दाखवावा.

स्ट्रिपचे मोठे शत्रू म्हणजे दमट हवा आणि उष्णता. कोकणातल्या पावसाळ्यात डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. स्ट्रिप कागदी पुडीत काढून ठेवणे किंवा डबी फ्रीजमध्ये ठेवणे, दोन्ही चुकीचे. बहुतेक स्ट्रिप 30 अंशांपर्यंत सुरक्षित असतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तिथे घरातला सर्वांत थंड, कोरडा कोपरा डबीसाठी राखावा.

मीटर घेण्यापूर्वी गावातल्या दोन-तीन मेडिकलमध्ये जाऊन विचारावे: याच्या स्ट्रिप दर महिन्याला येतात का, आज दुकानात आहेत का, त्यांची एक्सपायरी कधीची आहे? ‘मागवून देतो’ हे उत्तर पुरेसे समजू नये. दोन दुकानांत माल तयार असेल, तरच तो मीटर त्या गावासाठी योग्य. ऑनलाइन स्ट्रिप स्वस्त मिळाल्या तरी उन्हाळ्यात पार्सल वाटेत किती तापले ते कळत नाही; निदान पहिली डबी लॅबच्या आकड्याशी ताडून पाहावी. बॅटरी कोणती लागते तेही पाहावे, कारण पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतात, तर बटण सेलसाठी कधी कधी शहर गाठावे लागते.

नवी डबी उघडली की त्याच वेळी तिच्यावर पेनाने तारीख लिहावी. छापील एक्सपायरी न उघडलेल्या डबीची असते.