दगड कुणीच घेत नाही

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीने पुठ्ठ्याचे तुकडे कापून चोवीस प्राणी तयार केले. पोकेमॉनसारखा स्वतःचा खेळ तिला करायचा होता: प्राणी गोळा करायचे आणि एकमेकांशी लढवायचे. प्रत्येकाचा एक टाइप होता. आग गवताला जाळते, पाणी आगीला विझवते, गवत पाणी पिऊन टाकते, एवढे तिघांचे तर आपोआपच जमले. मग तिने चौथा टाइप आणला, दगड. दगड आगीला दडपून टाकतो, पण पाणी त्याला झिजवते आणि गवताची मुळे त्याला फोडतात. दोघांनी आपापल्या हातातला एकेक प्राणी पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा, असा नियम. दोन दिवस शेजारची मुले खेळली आणि तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. ‘‘मामा, दगड कुणीच घेत नाही.’’

अशा खेळात सगळे आधी बलाढ्य टाइपाला घाबरतात. पण त्याच्याइतकाच मोठा दोष म्हणजे मेलेला टाइप, आणि तो लवकर दिसत नाही, कारण त्याची कुणी तक्रार करत नाही. तो नुसता डब्यात पडून राहतो. म्हणून वीस-पंचवीस डाव होईपर्यंत कोण जिंकले याआधी कोण कुठला प्राणी उचलतो हे लिहून ठेवावे.

आम्ही वहीत तक्ता आखला. आडव्या ओळीत आपला टाइप, उभ्या रकान्यात समोरचा. दगडाची ओळ अशी आली: आगीसमोर जीत, पाण्यासमोर हार, गवतासमोर हार, दगडासमोर बरोबरी. पाण्याची ओळ: आगीसमोर जीत, पाण्यासमोर बरोबरी, गवतासमोर हार, दगडासमोर जीत. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून वाचल्या की लगेच दिसते: पाणी कुठल्याच रकान्यात दगडापेक्षा कमी नाही आणि दोन रकान्यांत सरस आहे. मग शहाण्या मुलाने दगड का उचलावा? मुलांना हे गणित कुणी सांगितले नव्हते, दोन दिवसांत त्यांच्या हातांनीच ते ओळखले.

भाचीने लगेच दुरुस्ती केली: दगड गवताला चिरडतो! आता दगड दोघांना हरवतो आणि एकट्या पाण्याकडून हरतो. पण पुन्हा ओळी जुळवल्या, तर आता दगड प्रत्येक रकान्यात आगीच्या बरोबरीने किंवा तिच्या वर. म्हणजे मढे फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेले. हा तिच्या कल्पनेचा दोष नव्हता. चार टाइप आणि प्रत्येक जोडीत हारजीत पक्की, असे तक्ते किती तऱ्हांचे होऊ शकतात हे मांडून पाहिले, तर नावांची अदलाबदल सोडता चारच घाट निघतात, आणि चारहींत निदान एक टाइप निरुपयोगी ठरतो. पाच टाइप असते तर प्रत्येकाने दोघांना हरवायचे आणि दोघांकडून हरायचे, असे सुरेख वर्तुळ बसवता आले असते. चारांत ते बसत नाही.

मग मी तिला सांगितले, दगड आणि गवत यांच्यात हारजीत ठेवूच नकोस. बरोबरी. तिला ते मिळमिळीत वाटले, पण आता हिशोब बघा. समोरून येणाऱ्या दहा प्राण्यांत दोन आगीचे, दोन पाण्याचे, चार गवताचे आणि दोन दगडाचे आहेत असे धरा. आग चार गवतांना हरवते आणि दोन पाणी, दोन दगड यांच्याकडून हरते: चारास चार. पाणी दोन आगी आणि दोन दगड जिंकते, चार गवतांकडून हरते: तेही चारास चार. गवत पाण्याला हरवते आणि आगीकडून हरते, दोनास दोन. दगडाचेही दोनास दोन. अशा मेळ्यात कुठलाही टाइप घेतला तरी नफा-तोटा सारखा, म्हणजे चौघेही जिवंत.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आगीची आहे. तक्त्यात ती एकालाच हरवते आणि दोघांकडून हरते. नुसती मोजदाद केली तर ती दुबळी. पण ती ज्याला हरवते ते गवत मैदानात सर्वांत जास्त आहे, म्हणून तिला किंमत आहे. किती जणांना हरवता यापेक्षा कोणाला हरवता, आणि तो समोर किती वेळा येतो, यावर सगळे ठरते.

खुद्द पोकेमॉनच्या पहिल्या खेळाला ही गोष्ट भोवली. जपानमध्ये १९९६ च्या फेब्रुवारीत गेम फ्रीक या कंपनीचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ गेम बॉयवर आले, तेव्हा १५ टाइप होते. त्यांतला सायकिक टाइप कागदावर साधाच दिसतो: त्याचे हल्ले फायटिंग आणि पॉयझन या दोघांवरच दुप्पट बसतात. पण त्या खेळातल्या १५१ प्राण्यांत पॉयझनवाल्यांची नुसती गर्दी होती. शिकार जागोजागी, आणि शिकारी जवळजवळ नाहीच.

शिकारी दोन ठेवले होते, बग आणि घोस्ट. बगचे हल्ले फुसके निघाले. ‘ट्विनीडल’ हा त्यातल्या त्यात बरा, २५ ताकदीचे दोन टोचे. उलट सायकिकच्या नावाच्याच हल्ल्याची ताकद ९०. शिवाय ट्विनीडल येतो तो एकट्या बीड्रिलला, आणि बीड्रिल स्वतः बगबरोबर पॉयझनही आहे, म्हणजे सायकिकच्या एका तडाख्यात गार. घोस्टची कथा आणखी वाईट. घोस्टचा हल्ला सायकिकवर दुप्पट बसावा असा बेत होता, खेळातले एक पात्रही तसे सांगते. पण प्रत्यक्ष खेळात ते घर शून्य निघाले. घोस्ट प्राणी गॅस्टली, हाँटर आणि गेंगार हे तीनच, आणि तिघेही अर्धे पॉयझन. वैद्य म्हणून ज्यांना आणले त्यांनाच आधी रोग.

त्यात भर म्हणजे त्या वेळी ‘स्पेशल’ हा एकच आकडा खास हल्ल्याचीही ताकद ठरवायचा आणि तशा हल्ल्यापासून बचावाचीही. सायकिक प्राण्यांचा तो आकडा भक्कम. अलाकझॅमचा स्पेशल १३५ आणि वेग १२०, म्हणजे बहुतेकदा पहिला वारही त्याचाच. टाइपांच्या तक्त्याची एकेक घरे तपासून हे कधीच सापडले नसते, कारण बिघाड तक्त्याच्या शेजारी होता: प्राण्यांची संख्या, हल्ल्यांची ताकद, अंगचे आकडे.

नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले तेव्हा दुरुस्ती चारही बाजूंनी झाली. डार्क हा नवा टाइप आला, त्याच्यावर सायकिक हल्ला मुळीच बसत नाही आणि त्याचा हल्ला सायकिकवर दुप्पट बसतो. स्टील आला, तो सायकिकचा मार निम्मा करतो. घोस्टचे शून्य दुप्पट झाले. आणि ‘स्पेशल’चे दोन तुकडे केले, हल्ल्याचा वेगळा आणि बचावाचा वेगळा. अलाकझॅमचा हल्ला १३५ च राहिला, बचाव मात्र ८५ वर आला. पुढे ड्रॅगन डोईजड झाला, तेव्हा २०१३ मध्ये फेअरी आणावा लागला, त्याच्यावर ड्रॅगनचा हल्ला चालतच नाही. आता १८ टाइप आहेत, तक्त्यात ३२४ घरे.

भाचीच्या तक्त्यात सोळाच घरे आहेत. दगड-गवताच्या दोन घरांत तिने लाल पेनाने बरोबरीची खूण केली, आणि चोवीसपैकी दहा पुठ्ठे गवताचे करायचे ठरवले. त्यासाठी दोन-दोन दगड आणि पाणी खोडावे लागणार होते. एका दगडाला तिने डोळे फार छान काढले होते, तो खोडायला ती तयार नव्हती. तेव्हा नवीन पुठ्ठा कापायला घेतला.